रीडिंगचा रकाना कोरा ठेवा

जानेवारी संपत आला की बारावीच्या वर्गांतून दोन पानांची एक झेरॉक्स फिरू लागते. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘प्रॅक्टिकल परीक्षेची तयारी’. पहिला प्रयोग बहुतेक वेळा ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमॅंगनेट यांच्या टायट्रेशनचा. कृती सहा ओळींत उरकलेली. त्याखाली निरीक्षणांचा तक्ता, आणि तो आधीच भरलेला: पायलट रीडिंग १० ते ११, पहिलं रीडिंग १०.०, दुसरं १०.०, तिसरं १०.०, कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग १०.० मिली. त्यापुढे आकडेमोड पूर्ण, उत्तरासकट. मग सहा खबरदाऱ्या, मग व्हायवाचे दहा प्रश्न आणि प्रत्येकाचं एका ओळीचं उत्तर. हे सगळं पाठ करून मुलं परीक्षेला येतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि एक्स्टर्नल म्हणून इतर कॉलेजांतही जाते. ही झेरॉक्स मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यातल्या चुकाही मला तोंडपाठ झाल्या आहेत. पण माझा राग त्या कागदावर नाही. परीक्षेआधी उजळणीला एक कागद हाताशी असावा, यात गैर काहीच नाही. राग आहे तो त्या कागदामागच्या समजुतीवर, आणि ती समजूत पालकांच्या, क्लासवाल्यांच्या आणि माझ्या काही सहकाऱ्यांच्याही तोंडी रुळली आहे.

ती समजूत अशी: प्रॅक्टिकलचे तीस मार्क म्हणजे हातचे मार्क. प्रयोग ठरलेला, द्रावणं ठरलेली, म्हणजे रीडिंगही ठरलेलंच. ते पाठ करून लिहिलं तर बिघडलं कुठे? खबरदाऱ्या ठरलेल्या, व्हायवाचे प्रश्न ठरलेले. मुलांच्या डोक्यावर प्रवेश परीक्षांचं ओझं आहे, लॅबमध्ये ब्यूरेट पुरत नाहीत, मग तयार उत्तरांची शीट हातात देणं हीच त्यांना खरी मदत.

यातलं एकेक विधान घेऊन मी सांगते की ते का चूक आहे.

रीडिंग ठरलेलं असतं?

आधी १०.० हा आकडा येतो कुठून ते पाहू. समीकरण असं आहे:

2KMnO4 + 3H2SO4 + 5H2C2O4 → K2SO4 + 2MnSO4 + 8H2O + 10CO2

म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाच्या पाच रेणूंना परमॅंगनेटचे दोन पुरतात. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्ल घेतलं, त्याची तीव्रता ०.०५ मोलर असली आणि परमॅंगनेट नेमकं ०.०२ मोलर असलं, तर बरोबर १० मिली लागतं. सोयीचा आकडा यावा म्हणून तीव्रता तशी धरलेली आहे.

पण परमॅंगनेट ‘नेमकं ०.०२ मोलर’ आहे हे कोण सांगणार? हा प्रयोग करायचाच मुळी त्यासाठी. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक शुद्ध आणि स्थिर मिळतात. ते १.५७५ ग्रॅम अचूक तोलून २५० मिली द्रावण केलं की ०.०५ मोलरची खात्री देता येते. परमॅंगनेटचं तसं नाही. त्यात मॅंगनीज डायऑक्साइडचा अंश असतो, पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याने ते थोडं खर्ची पडतं, उजेडात हळूहळू विघटित होतं. म्हणून तर ते गडद तपकिरी बाटलीत ठेवतात. तोलून केलेल्या द्रावणाच्या लेबलावरचा आकडा काही दिवसांनी खरा राहील याचा भरवसा नाही, म्हणून ते दरवेळी ऑक्झॅलिक आम्लासमोर तपासून घ्यायचं असतं. रीडिंग आधीच माहीत असतं तर हा प्रयोग कुणी कशाला केला असता? जी गोष्ट शोधायची तीच शीटने आधी लिहून ठेवली आहे.

एका परीक्षेला मी एक्स्टर्नल होते. परमॅंगनेट मुद्दाम थोडं पातळ केलेलं होतं. सकाळी मी स्वतः टायट्रेशन करून पाहिलं, १२.५ मिली लागलं. दुपारी उत्तरपत्रिका हातात आल्या तेव्हा एकामागून एक कागदावर १०.०, १०.०, १०.०. मग एक कागद आला, त्यावर पहिल्या रीडिंगच्या जागी १२.५ लिहिलेलं होतं आणि त्यावर काट मारून शेजारी १०.० केलेलं होतं. मी त्या मुलीला बोलावलं.

“हे का खोडलंस?”

“मॅडम, माझं चुकलं असेल. शीटमध्ये १०.० आहे.”

“पुन्हा करून पाहिलंस?”

“दोनदा केलं. दोन्ही वेळा १२.५ च आलं.”

तिने ब्यूरेट नीट भरली होती, एंड पॉइंट नीट ओळखला होता, दोन रीडिंगं जुळवली होती. म्हणजे या प्रयोगात जे यायला हवं ते सगळं तिला येत होतं. आता आकडेमोड करून पाहा. १२.५ मिलीवरून परमॅंगनेटची तीव्रता येते ०.०१६ मोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे २.५३ ग्रॅम. खोडून लिहिलेल्या १०.० वरून येते ०.०२ मोलर, लिटरमागे ३.१६ ग्रॅम. तिने स्वतः मोजलेलं खरं उत्तर टाकून दिलं आणि पंचवीस टक्के चुकीचं उत्तर लिहिलं, कारण डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवायचा असं तिला आम्हीच शिकवलं होतं. ही मदत आहे?

कृती सहा ओळींत मावते?

शीटमधली कृती अशी: आम्ल घाला, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, फिकट गुलाबी रंग येईपर्यंत परमॅंगनेट सोडा. यात खोटं काही नाही. पण फ्लास्क हातात घेतल्यावर जे दिसतं, त्यातलं यात जवळजवळ काहीच नाही.

वर्गात एकदा एका मुलाने दुसऱ्याच मिनिटाला हात वर केला. “मॅडम, एंड पॉइंट आला.” जाऊन पाहिलं तर ब्यूरेटमधून जेमतेम ०.२ मिली उतरलं होतं आणि फ्लास्कमध्ये खरोखरच गुलाबी रंग होता. मी म्हटलं, “फ्लास्क हलवत राहा आणि नुसता बघ.” तो हलवत राहिला. हळूहळू रंग फिका झाला आणि गेला. पुढचा थेंब त्याहून लवकर विरला, त्यापुढचे पडताक्षणी नाहीसे होऊ लागले.

त्याचं कारण हा या प्रयोगातला सगळ्यांत सुंदर भाग आहे. ही प्रक्रिया सुरुवातीला मंद असते. प्रक्रियेतून जे मॅंगनीजचे आयन तयार होतात तेच पुढे तिचा वेग वाढवतात. पहिल्या थेंबाच्या वेळी ते नसतात, म्हणून पहिला गुलाबी रंग रेंगाळतो. ज्याला हे माहीत आहे तो पहिले थेंब एकेक करून सोडतो आणि प्रत्येक थेंब विरेपर्यंत थांबतो. ज्याच्या शीटमध्ये फक्त ‘गुलाबी रंग आला की थांबा’ एवढंच आहे, तो ०.२ वर थांबतो, घाबरतो आणि १०.० लिहून मोकळा होतो. त्या मुलाने शीटमध्ये सांगितलं तेच केलं होतं, आणि तरीही तो चुकला होता. मग चूक कुणाची?

तापवण्याचंही तसंच. थंड द्रावणात प्रक्रिया इतकी सावकाश चालते की रंग मधेच टिकल्यासारखा वाटतो. टायट्रेशन रेंगाळलं आणि फ्लास्क निवला, तर शेवटाजवळही हा भास होतो, म्हणून मधे पुन्हा तापवावं लागतं. उलट घाईने फ्लास्क उकळू दिला तर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होऊ लागतं. मग परमॅंगनेट कमी लागतं आणि रीडिंग घसरतं. थर्मामीटर नसेल तर खूण सोपी आहे: फ्लास्कच्या मानेवर आतून बाष्प धरू लागतं, काचेला बोट टेकवलं तर ठेवून धरवत नाही, पण द्रावण उकळत नसतं. एवढी एक ओळ शीटमध्ये घालायला किती जागा लागली असती?

खबरदाऱ्या म्हणजे पाठांतर?

शीटमधल्या खबरदाऱ्या आज्ञेच्या सुरात असतात. कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ब्यूरेटमधलं रीडिंग वरच्या कडेवर घ्या. भरपूर सल्फ्युरिक आम्ल घाला. मुलं त्या घडाघडा म्हणतात, आणि दहा मिनिटांनी फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लानेच विसळतात. ती बेफिकीर असतात असं नाही. पिपेट आणि ब्यूरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने विसळायची, असं त्यांना नुकतंच सांगितलेलं असतं. मग फ्लास्कलाच वेगळा नियम का, हे कुणी सांगितलेलं नसतं.

कारण इतकंच की पिपेटमध्ये पाणी उरलं तर द्रावण पातळ होतं, पण फ्लास्कमध्ये पाणी उरलं तर काही बिघडत नाही. आम्लाचा जेवढा अंश पिपेटने आत सोडला तेवढाच राहतो. फ्लास्क आम्लानेच विसळला आणि तळाशी अर्धा मिली राहिला, तर १० ऐवजी साडेदहा मिली आम्ल आत गेलं. जिथे १०.० यायचं तिथे १०.५ येईल. खबरदारीसोबत ‘नाहीतर काय होईल’ हे अर्धं वाक्य जोडलं की ती पाठ करावी लागत नाही, आपोआप लक्षात राहते.

वरच्या कडेचंही असंच. मुलांना वाटतं परमॅंगनेटचं रीडिंग वर घ्यायचं, कारण तसा नियम आहे. खरं कारण असं की द्रावण इतकं गडद असतं की खालची वक्र कड दिसतच नाही. आपण सुरुवातीच्या आणि शेवटच्या रीडिंगमधला फरक घेतो, त्यामुळे दोन्ही वेळा वरचीच कड धरली तर फरकात चूक येत नाही. सुरुवातीला वरची आणि शेवटी अंदाजाने खालची धरली की गडबड. हे कळलेला मुलगा पुढे कुठलंही रंगीत द्रावण ब्यूरेटमध्ये आलं तरी अडणार नाही.

आता आम्लाचं पाहू. शीटमध्ये ‘भरपूर सल्फ्युरिक’ एवढंच लिहिलेलं असतं. आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये काय दिसतं, हे लिहिलेलं नसतं. गुलाबी रंगाऐवजी तपकिरी गढूळपणा येतो, गंजक्या पाण्यासारखा. तो मॅंगनीज डायऑक्साइड. पुरेशा आम्लात परमॅंगनेटचा प्रत्येक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो. तपकिरी गाळापाशी अडकला तर तीनच घेतो. काम तेवढंच असतं पण एकेक आयन कमी काम करतो, म्हणून परमॅंगनेट जास्त लागतं आणि रीडिंग फुगतं. परमॅंगनेट फार भराभर ओतलं किंवा फ्लास्क निवला तरीही हा तपकिरीपणा येतो. सुरुवातीलाच दिसला तर थांबून, तापवून, हलवत राहिलं की तो विरतो, कारण ऑक्झॅलिक आम्ल अजून शिल्लक असतं. शेवटाजवळ गढूळपणा राहिला तर एंड पॉइंट दिसणारच नाही. तो फ्लास्क रिकामा करून नव्याने सुरुवात करायची.

परीक्षेच्या दिवशी मुलं रडवेली होतात ती याच तपकिरी फ्लास्कसमोर. त्यांच्या शीटमध्ये तपकिरी रंगच नसतो. सगळं सुरळीत झालं तर काय दिसेल, हे सांगणाऱ्या कागदाची गरज सगळं सुरळीत चाललेल्या मुलाला कितीशी असते? बिघडलं की कागद गप्प बसतो, आणि त्याची गरज नेमकी तेव्हाच असते.

व्हायवाचे प्रश्न ठरलेले असतात?

पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, हे मला मान्य आहे. “हायड्रोक्लोरिक आम्ल का वापरत नाही?” असं मी विचारते आणि उत्तर तत्काळ येतं: “त्याचं ऑक्सिडेशन होऊन क्लोरीन तयार होतो.” बरोबर. मग मी विचारते, “म्हणजे रीडिंग वाढेल की कमी होईल?” आणि खोलीत शांतता पसरते.

उत्तर अवघड नाही. परमॅंगनेटचा काही भाग क्लोराइडवर खर्च झाला, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लासाठी वरून आणखी सोडावं लागणार, रीडिंग वाढणार. मग मी नायट्रिक आम्लाबद्दल विचारते. ते स्वतःच ऑक्सिडीकारक असल्यामुळे ऑक्झॅलिक आम्लाचा थोडा भाग आधीच संपवेल आणि परमॅंगनेट कमी लागेल. दोन आम्लं वर्ज्य आहेत, पण त्यांच्यामुळे होणाऱ्या चुका उलट दिशेच्या आहेत. शीटमध्ये दोन्हींचं उत्तर ‘वापरू नये’ एवढंच आहे, म्हणून मुलांना दोन्ही एकच वाटतात.

शेजारच्या टेबलावर मोहर सॉल्टचं टायट्रेशन चालू असतं. तेही परमॅंगनेटसोबत, तेही सल्फ्युरिक आम्लात, शेवटी तोच फिकट गुलाबी रंग. मी विचारते, “हे तापवायचं का?” काही मुलं हो म्हणतात, कारण शीटच्या पहिल्या पानावर ‘तापवा’ आहे. काही नाही म्हणतात, कारण दुसऱ्या पानावर ‘तापवू नये’ आहे. का, ते दोघांनाही माहीत नसतं. मोहर सॉल्टमधलं फेरस लोह परमॅंगनेटशी थंडपणीही झटकन प्रक्रिया करतं, त्याला ऊब लागत नाही. उलट तापवलं तर हवेतला ऑक्सिजन त्यातला काही भाग आधीच फेरिक करून टाकतो आणि रीडिंग कमी येतं. एकाला ऊब लागते, दुसऱ्याला ती बाधते. हा फरक ज्याला समजला त्याला परमॅंगनेटच्या टायट्रेशनवर दहा वेगवेगळे प्रश्न विचारले तरी चालतात. दहा उत्तरं पाठ केलेल्याला अकरावा प्रश्न पुरतो.

वेळ नाही, ब्यूरेट नाहीत?

हा सगळ्यांत सहानुभूतीचा युक्तिवाद, आणि तोच मला सगळ्यांत जास्त खटकतो. ब्यूरेट कमी आहेत हे खरं आहे. अनेक मुलांच्या वाट्याला वर्षभरात हा प्रयोग एकदाच येतो, तोही दोघांत मिळून. पण ज्याला एकच संधी मिळणार आहे, त्याला काय बघायचं, कुठे चुकू शकतं आणि चूक झाल्याचं कसं ओळखायचं हे आधी सांगायला नको का? एकदाच प्रयोग करणाऱ्याच्या हाती भरलेला तक्ता देणं म्हणजे ती एक संधीही काढून घेणं आहे. आकडा माहीत असल्यावर ब्यूरेटकडे कोण कशाला निरखून बघेल?

प्रवेश परीक्षांचं म्हणाल, तर जेईई मेन आणि नीट, दोन्हींच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात ऑक्झॅलिक आम्ल व परमॅंगनेट, मोहर सॉल्ट व परमॅंगनेट ही दोन टायट्रेशनं नावानिशी दिलेली आहेत. ज्या परीक्षांसाठी वेळ वाचवायचा म्हणून प्रयोग टाळला जातो, त्यातच तो प्रयोग बसलेला आहे.

मुलांना छळू नका, असं मला सांगितलं जातं. त्या मुलीला कुणी छळलं? १२.५ मोजूनही ते खोडायला ज्याने लावलं त्याने, की तू बरोबर होतीस असं तिला सांगणाऱ्याने?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. शीट असावी, जरूर असावी. तिच्यात द्रावणांची तीव्रता, समीकरण आणि आकडेमोडीचं सूत्र छापा. कृतीच्या प्रत्येक पायरीसमोर फ्लास्कमध्ये काय दिसेल ते लिहा: रेंगाळणारा पहिला थेंब, मग पटापट विरणारे थेंब, आणि शेवटी अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग. बिघडलं तर काय दिसेल तेही लिहा, विशेषतः तो तपकिरी गढूळपणा, त्याच्या कारणांसह. प्रत्येक खबरदारीसमोर ती न पाळल्यास रीडिंग वर जाईल की खाली, ते लिहा. व्हायवाच्या प्रत्येक ‘का’ पुढे ‘मग रीडिंगचं काय होईल’ हा प्रश्न जोडा, आणि त्याचं उत्तर मुलांना शोधू द्या.

आणि निरीक्षणांच्या तक्त्यात फक्त रेघा असू द्या. पायलट रीडिंग कोरं, पहिलं कोरं, दुसरं कोरं, तिसरं कोरं. त्या रकान्यात आकडा लिहिण्याचा हक्क फक्त ब्यूरेटसमोर, डोळे त्या कडेच्या पातळीला आणून उभ्या असलेल्या मुलाचा आहे. शीट लिहिणाऱ्याचा नाही, क्लासचा नाही, माझाही नाही. त्याने १२.५ पाहिलं तर १२.५ लिहावं, आणि ते खोडायला लावणारा कागद त्याच्या खिशात नसावा.